क्षेत्रीय निर्देशांकांचे चार्ट उघडल्यावर आधी कोणत्या उद्योगाकडे पाहावे?

प्रश्न: "सर, मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. शेअर बाजारासाठी आठवड्यातून फार तर दोन तास मिळतात. बँक, आयटी, ऑटो, फार्मा असे सगळे सेक्टरचे चार्ट लावून बसतो, पण बाजार वर असला की सगळेच चांगले दिसतात आणि खाली आला की सगळेच वाईट. आधी कोणत्या सेक्टरकडे बघायचे, हे चार्टवरून ठरवायची काही पद्धत आहे का? आजूबाजूला सगळे वाहन उद्योगाचेच लोक असल्यामुळे मन सारखे ऑटोकडेच जाते."

उत्तर:

पद्धत आहे, आणि ती दोन तासांत सहज बसते. मात्र तिच्यासाठी आपण सध्या पाहत असलेला चार्ट बदलावा लागेल. क्षेत्रीय निर्देशांकाचा स्वतःचा चार्ट पाहिला की त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: एक संपूर्ण बाजाराची चाल आणि दुसरी त्या क्षेत्राची स्वतःची चाल. बहुतेक आठवड्यांत पहिली गोष्ट इतकी मोठी असते की दुसरी तिच्याखाली झाकली जाते, म्हणूनच आपल्याला सगळे चार्ट सारखे दिसतात. पैसा एका उद्योगातून निघून दुसऱ्यात जात आहे का, हे पाहायचे असेल तर बाजाराची चाल त्यातून वजा करावी लागते. त्यासाठी क्षेत्रीय निर्देशांकाला निफ्टी 50 ने भागायचे आणि त्या गुणोत्तराचा चार्ट पाहायचा. गुणोत्तर वर जात असेल तर ते क्षेत्र निफ्टीच्या पुढे आहे, खाली येत असेल तर मागे पडते आहे. निर्देशांक स्वतः वर गेला की खाली आला, हा प्रश्न इथे बाजूला ठेवायचा.

ट्रेडिंगव्ह्यूवर शोधचौकटीत थेट भागाकार लिहिला तरी चार्ट उघडतो:

```
NSE:BANKNIFTY/NSE:NIFTY
NSE:CNXIT/NSE:NIFTY
NSE:CNXAUTO/NSE:NIFTY
```

कालमान साप्ताहिक ठेवावे आणि चार्ट कँडलचा न ठेवता बंद भावाच्या रेषेचा ठेवावा. यामागे कारण आहे. दोन निर्देशांकांचे आठवड्यातील उच्चांक एकाच क्षणी झालेले नसतात, त्यामुळे उच्चांकाला उच्चांकाने भागून काढलेली कँडलची वात प्रत्यक्षात कधीही अस्तित्वात नसलेला आकडा दाखवू शकते. शुक्रवारचा बंद भाव मात्र दोन्हीकडे एकाच वेळचा असतो.

हे कागदावर कितीही पटले तरी त्याचा खरा अर्थ एखादे वर्ष समोर ठेवून पाहिल्यावर कळतो. मी 2022 हे वर्ष घेतो, कारण त्या वर्षी निफ्टी जेमतेम चार टक्के वाढला आणि तरीही त्याच्या पोटात फार मोठी उलथापालथ झाली.

31 डिसेंबर 2021 रोजी निफ्टी 17,354 वर आणि निफ्टी बँक 35,482 वर बंद झाला होता. भागाकार केला तर 2.04 येतो. मार्च 2022 अखेर निफ्टी 17,465 आणि निफ्टी बँक 36,374, म्हणजे गुणोत्तर 2.08. त्यानंतरची तिमाही वाईट गेली. रिझर्व्ह बँकेने 4 मे रोजी ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला, जूनमध्ये तो 4.90 झाला, आणि 30 जूनला निफ्टी 15,780 वर येऊन थांबला. निफ्टी बँकही 33,425 पर्यंत उतरला होता. त्या दिवशी बँकांचा चार्ट नुसता पाहिला असता तर सहा महिन्यांत सुमारे सहा टक्के पडलेले, व्याजदरवाढीच्या धास्तीत सापडलेले क्षेत्र दिसले असते, आणि कोणीही पान उलटून पुढे गेले असते. गुणोत्तर मात्र 2.12 वर होते. मार्चपेक्षा वर, डिसेंबरपेक्षाही वर. बाजार नऊ टक्के पडला आणि बँका सहाच टक्के पडल्या, एवढीच ती बातमी होती. पण ती निर्देशांकाच्या चार्टवर दिसत नव्हती आणि गुणोत्तराच्या चार्टवर स्वच्छ दिसत होती.

पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. सप्टेंबर 2022 अखेर निफ्टी 17,094 आणि निफ्टी बँक 38,632, गुणोत्तर 2.26. डिसेंबरअखेर निफ्टी 18,105 आणि निफ्टी बँक 42,986, गुणोत्तर 2.37. सरकारी बँकांचा निर्देशांक तर त्या एका वर्षात सुमारे 70 टक्के वाढला.

आता त्याच वर्षातली आयटीची बाजू पाहा. निफ्टी आयटी डिसेंबर 2021 अखेर 38,700 च्या आसपास होता, म्हणजे गुणोत्तर 2.23. जून 2022 अखेर तो 27,800 च्या जवळ आला आणि गुणोत्तर 1.76 झाले. वर्ष संपताना निर्देशांक 28,600 च्या वर होता. जूनपासून डिसेंबरपर्यंत आयटीचा निर्देशांक थोडा वाढलाच होता, आणि "आयटीने तळ गाठला, आता सावरते आहे" असे म्हणणारे त्या सहा महिन्यांत खूप भेटत. पण गुणोत्तर 1.76 वरून 1.58 वर घसरले होते. म्हणजे सावरण्याचे जे चित्र दिसत होते ते सगळे बाजाराच्या लाटेचे होते. आयटी त्या लाटेतही मागेच पडत होते.

ही दोन उदाहरणे मी मुद्दाम एकमेकांसमोर ठेवतो. एकीकडे पडणारा निर्देशांक आणि चढणारे गुणोत्तर, दुसरीकडे किंचित चढणारा निर्देशांक आणि घसरणारे गुणोत्तर. अशा वेळीच या पद्धतीचा उपयोग सर्वांत जास्त होतो, आणि माझ्या अनुभवात पुढे येणारी क्षेत्रे ओळखायला बाजार पडत असतानाचे आठवडे चढत्या आठवड्यांपेक्षा अधिक कामाचे असतात. बाजार पडताना लोक शेअर विकतात, पण जे ठेवायचेच आहे ते शेवटी विकतात, आणि ते न विकणे गुणोत्तरात उमटते.

यात एक भेद मात्र करायला हवा. एफएमसीजी आणि फार्मा यांचे गुणोत्तर बाजार पडताना पुष्कळदा चढते, कारण साबण, बिस्किटे आणि औषधे यांची मागणी मंदीतही टिकते आणि घाबरलेला पैसा तिथे आसरा घेतो. असा पैसा बाजार सावरला की परत निघून जातो. म्हणून पडत्या बाजारात एफएमसीजीचे गुणोत्तर चढले तर मी त्याला फारसे महत्त्व देत नाही. पण बँका, वाहने, धातू, बांधकाम यांसारखे अर्थचक्राबरोबर हलणारे क्षेत्र पडत्या बाजारात पुढे राहिले, तर ते लगेच टिपून ठेवतो.

आता दोन तासांत करायचे काम. एका शीटमध्ये दर शुक्रवारचे बंद भाव भरा: एका स्तंभात निफ्टी, एकात क्षेत्रीय निर्देशांक, आणि शेजारी गुणोत्तर. मग त्या गुणोत्तराचा बदल दोन अंतरांनी काढा, 13 आठवड्यांचा आणि 26 आठवड्यांचा. गुणोत्तर D स्तंभात दुसऱ्या ओळीपासून असेल, तर 28 व्या ओळीसाठी सूत्रे अशी होतील:

```
=D28/D15-1
=D28/D2-1
```

पहिले तिमाहीचे, दुसरे सहामाहीचे. यातून प्रत्येक क्षेत्र चारांपैकी एका गटात पडते. दोन्ही आकडे धन असतील तर ते पुढे असलेले क्षेत्र. आपला वेळ आधी तिथे द्यावा. सहामाहीचा आकडा ऋण पण तिमाहीचा धन असेल, तर ते नुकते सुधारू लागलेले क्षेत्र. त्यावर नजर ठेवावी, घाई करू नये. सहामाही धन पण तिमाही ऋण, म्हणजे जोर ओसरतो आहे. त्या क्षेत्रातील शेअर हातात असतील तर आधी तेच चार्ट तपासावेत, नवे शोधू नयेत. दोन्ही ऋण असतील तर त्या क्षेत्राचे चार्ट त्या आठवड्यात उघडायचेच नाहीत. वेळ वाचतो तो मुख्यतः या शेवटच्या नियमामुळे. ज्युलियस द केम्पेनार यांनी मांडलेला रिलेटिव्ह रोटेशन ग्राफ काही सॉफ्टवेअरमध्ये मिळतो, तो असेच चार भाग चित्ररूपात दाखवतो. पण सुरुवातीचे सहा महिने तरी शीट स्वतः भरावी असा माझा आग्रह आहे, कारण आकडा कशामुळे हलला हे भरतानाच कळते.

एक टक्क्याच्या आतला बदल शून्य धरावा. शिवाय सगळ्या क्षेत्रांना एकच माप लावू नये. रिअल्टी आणि मेटल यांचे गुणोत्तर तिमाहीत पाच-सात टक्के सहज हलते, तर एफएमसीजीत तेवढा बदल ही मोठी घटना असते. म्हणून प्रत्येक क्षेत्राची मागील दोन-तीन वर्षांची शीट भरून त्याची नेहमीची हालचाल किती असते ते आधी पाहून ठेवावे.

हेच नियम वर दिलेल्या बँकांच्या आकड्यांना लावून पाहू. तिमाहीअखेरचे आकडे शुक्रवारशी तंतोतंत जुळत नाहीत, पण दिशा समजण्यास पुरेसे आहेत. जून 2022 अखेर बँकांचा तिमाही बदल सुमारे 1.7 टक्के आणि सहामाही बदल सुमारे 3.6 टक्के, दोन्ही धन. म्हणजे निर्देशांक पडलेला असतानाच बँका पहिल्या गटात होत्या. डिसेंबर 2022 अखेर तिमाही 5 आणि सहामाही 12 टक्के. मार्च 2023 अखेर निफ्टी 17,360 आणि निफ्टी बँक 40,609, गुणोत्तर 2.34, तिमाही बदल दीड टक्का ऋण, सहामाही अजून साडेतीन टक्के धन. जोर ओसरल्याची ती पहिली खूण होती. जून 2023 अखेर निफ्टी 19,189 आणि निफ्टी बँक 44,747 झाला. निर्देशांक डिसेंबरपेक्षा चार टक्के वर होता, पण गुणोत्तर 2.33 होते: तिमाहीत जवळजवळ सपाट, सहामाहीत सुमारे दोन टक्के ऋण. सप्टेंबर 2023 अखेर ते 2.27 वर आणि वर्षअखेर 2.22 वर आले. 2023 मध्ये निफ्टी बँक 12 टक्के वाढला, निफ्टी 20 टक्के वाढला, आणि त्याच वर्षी निफ्टी ऑटो सुमारे 47 टक्के तर निफ्टी रिअल्टी सुमारे 81 टक्के वाढला. बँकांत पैसे बुडाले नाहीत, परंतु ज्याने आपले दोन तास त्या वर्षभर बँकांच्याच चार्टवर घालवले त्याचे लक्ष चुकीच्या जागी राहिले.

गुणोत्तर वळले की त्यामागचे कारण शोधावे. कारण सापडले नाही तर त्या वळणावर मी अर्धाच विश्वास ठेवतो. बँकांचे कारण स्पष्ट होते. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना घरकर्जासारखी नवी बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडणे बंधनकारक झाले होते. त्यामुळे मे 2022 पासून रेपो जसजसा वाढला तसतसे कर्जाचे हप्ते लवकर वाढले, पण ठेवींवरचे व्याज जुन्या मुदती संपेपर्यंत मागेच राहिले. मधला फरक, म्हणजे बँकेचा व्याजातील नफा, रुंदावला. कर्जाची मागणी वाढत होती आणि जुनी बुडीत कर्जे कमी होत होती. फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 6.50 टक्क्यांवर थांबला. त्यानंतर कर्जाचे दर वाढणे थांबले आणि ठेवींचे दर मात्र मागून चढत राहिले, म्हणून तो फरक आकसू लागला. गुणोत्तराचे वरचे वळण आणि खालचे वळण, दोन्ही याच एका यंत्रणेने समजतात. आपल्या बँकेने मुदत ठेवीचा दर केव्हा वाढवला, एवढे लक्षात ठेवले असते तरी हा बदल घरबसल्या जाणवला असता.

आता या पद्धतीच्या मर्यादा सांगतो, कारण त्या न कळल्याने नुकसान होते. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले ते पाहतो. तो मारुती जागचा हलत नाही, म्हणून ते माप विश्वासाचे. आपल्या गुणोत्तरात मात्र मोजण्याची खूण म्हणजे निफ्टी, आणि तो स्वतः वरखाली होत असतो. गुणोत्तर चढले याचा अर्थ क्षेत्र वाढले असा होतोच असे नाही. ते कमी पडले असेही असू शकते. म्हणून गुणोत्तरावरून फक्त कोठे पाहायचे ते ठरते. खरेदीचा निर्णय निर्देशांकाचा आणि शेअरचा स्वतःचा चार्ट पाहूनच घ्यावा. जून 2022 मध्ये बँका पहिल्या गटात होत्या म्हणून त्याच दिवशी खरेदी करायची नव्हती. बाजाराने वळण घेतल्यावर कुठे जायचे याची यादी तयार ठेवायची होती.

दुसरी मर्यादा निर्देशांकांच्या रचनेतली आहे. निफ्टी आयटीमध्ये दहाच कंपन्या असून दोन-तीन बड्या कंपन्यांचा भार फार मोठा असतो. बँकांचेही बऱ्याच अंशी तसेच. अशा वेळी एका कंपनीच्या निकालाने सगळ्या क्षेत्राचे गुणोत्तर वर गेल्यासारखे दिसते. हे ओळखण्यासाठी क्षेत्रातील किती कंपन्या आपल्या 40 आठवड्यांच्या सरासरीच्या वर आहेत ते मोजावे. दहापैकी सहा-सात वर असतील तर उद्योगच चालतो आहे असे म्हणता येते. गुणोत्तर चढत असून दोन-तीनच वर असतील, तर ती त्या कंपन्यांची गोष्ट आहे, क्षेत्राची नव्हे.

तसेच निफ्टी बँक, निफ्टी प्रायव्हेट बँक आणि निफ्टी फायनान्शियल सर्व्हिसेस हे तीन चार्ट एकाच वेळी पुढे दिसले तर तीन क्षेत्रे पुढे आहेत असे समजू नये. त्यांत बऱ्याचशा त्याच कंपन्या आहेत. ते एकच मत धरावे. सरकारी बँकांचा निर्देशांक मात्र वेगळा ठेवावा, त्याची चाल पुष्कळदा स्वतंत्र असते. आणि बँका व वित्तसंस्था यांचा निफ्टीत स्वतःचाच मोठा वाटा असल्याने त्यांचे गुणोत्तर इतरांपेक्षा सावकाश हलते. तिथे तीन टक्के म्हणजे पुष्कळ झाले.

फार्माविषयी माझी स्वतःची एक चूक इथे सांगणे उपयोगी ठरेल. निफ्टी फार्माने एप्रिल 2015 मध्ये उच्चांक केला आणि नंतर तो वर्षानुवर्षे घसरत राहिला. अमेरिकी औषध प्रशासनाच्या तपासण्यांतून निघालेल्या त्रुटी आणि अमेरिकेत जेनेरिक औषधांच्या पडणाऱ्या किमती, ही कारणे तेव्हा रोज वाचायला मिळत. "चांगला उद्योग आहे, एवढा पडला, आता आणखी किती पडणार" असे म्हणून मी 2017 मध्ये त्यात वेळ आणि पैसा दोन्ही घातले. गुणोत्तराचे दोन्ही आकडे तेव्हा ऋण होते आणि ते मी स्वतःच्या शीटवर पाहत होतो. 2019 अखेर निर्देशांक 8,000 च्या आसपास होता. 2020 च्या मार्चमध्ये गुणोत्तर खरोखर वळले तेव्हा ते काही आठवड्यांतच दिसले आणि त्या वर्षी निर्देशांक सुमारे 60 टक्के वाढला. खूप पडलेले असणे आणि वळलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या तीन वर्षांनी शिकवले. दुसऱ्या गटातील क्षेत्रावर नुसती नजर ठेवा, असे मी वर म्हटले ते याच अनुभवावरून: तिमाहीचा आकडा धन होऊन तो किमान चार-पाच शुक्रवार तसाच टिकला तरच ते वळण मानतो.

राहिला आपला ऑटोचा प्रश्न. अंबड-सातपूरमध्ये राहून वाहन उद्योगाची खबर आपल्याला इतरांच्या आधी लागते, ही मी उणीव मानत नाही. ओव्हरटाइम सुरू झाला, तिसरी पाळी लागली, सुट्या भागांच्या ऑर्डरी वाढल्या, हे आपण डोळ्यांनी पाहता. फक्त ती माहिती योग्य जागी वापरायला हवी. निफ्टी ऑटो शीटवर दुसऱ्या गटातून पहिल्यात येत असेल आणि कारखान्यातही काम वाढलेले दिसत असेल, तर आपल्याला कारण शोधायला वर्तमानपत्र उघडावे लागणार नाही. पण कारखान्यात गर्दी आणि शीटवर दोन्ही आकडे ऋण, अशी स्थिती असेल तर बाजाराने ती गर्दी आधीच भावात धरलेली असण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा ऑटोचे चार्ट बंदच ठेवावेत.

शनिवारी सकाळी शीट भरायला पाऊण तास लागेल. पहिल्या गटातून दोनच क्षेत्रे निवडा, आणि उरलेल्या वेळात हाच भागाकार एक पायरी खाली न्या: त्या क्षेत्रातील प्रत्येक शेअरला निफ्टीऐवजी त्याच्या क्षेत्रीय निर्देशांकाने भागा, उदाहरणार्थ `NSE:SBIN/NSE:CNXPSUBANK`. आपल्या क्षेत्राच्याही पुढे असलेले तीन-चार शेअर त्यातून निघतात, आणि सविस्तर अभ्यास फक्त त्यांचा करायचा.